रात्री मूल रडले, तर उचलावे की थांबावे?

एक ते तीन वर्षे वयाचे निरोगी मूल रात्री झोपेत मध्येच रडते, कुरकुरते आणि पुष्कळदा मिनिटाभरात आपोआप शांतही होते. अशा वेळी आई-वडिलांपुढे प्रश्न उभा राहतो तो तत्काळ जवळ जाण्याचा किंवा थोडे थांबण्याचा. त्याचे उत्तर रडण्याच्या आवाजापेक्षा मूल खरोखर जागे झाले आहे की नाही, यावर अवलंबून असते.

झोप रात्रभर एकसारखी नसते. गाढ आणि हलकी झोप आवर्तनांत येते. प्रौढांचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे, तर लहान मुलाचे साधारण तासाभराचे असते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मूल क्षणभर जागृतीच्या काठावर येते, कूस बदलते, पुटपुटते, कधी मोठ्याने रडतेही. हे रडणे म्हणजे हाक असतेच असे नाही. या अवस्थेत त्याला उचलले, दिवा लावला किंवा नाव घेऊन हाका मारल्या, तर अर्धवट झोपेतले मूल पूर्ण जागे होते.

एक उदाहरण घेऊ. बावीस महिन्यांची मुलगी रात्री साडेआठला झोपते. दहाच्या सुमारास ती एकाएकी रडू लागते. आई तिला लगेच उचलून खांद्यावर घेते. मुलगी अंग ताठ करून आईलाच ढकलते, अधिकच रडते आणि पुन्हा झोपायला पाऊण तास घेते. येथे वेळ महत्त्वाची आहे. झोप लागल्यानंतरच्या पहिल्या एक ते तीन तासांत झोप सर्वांत गाढ असते. तेव्हाचे रडणे बहुधा अर्धवट जागृतीचे असते. डोळे उघडे असले तरी नजर ओळखीची नसते आणि सकाळी मुलाला काही आठवत नाही. अशा वेळी दिवा न लावता जवळ उभे राहावे, मूल पडणार वा आपटणार नाही एवढे पाहावे आणि त्याला जागे करण्याचा प्रयत्न करू नये. हा प्रकार बहुधा काही मिनिटांतच ओसरतो.

तीच मुलगी पहाटे तीनला रडते, उठून बसते, ‘आई’ म्हणून हाक मारते आणि आई दिसताच तिला बिलगते. ही पूर्ण जाग आहे. वाईट स्वप्ने रात्रीच्या उत्तरार्धात अधिक पडतात. येथे थांबण्यात अर्थ नाही. जवळ जावे, थोपटावे, हलक्या आवाजात दोन शब्द बोलावेत.

कोणता प्रकार आहे हे कळेनासे झाल्यास एक-दोन मिनिटे केवळ ऐकावे. रडण्यात खंड पडत असेल, आवाज उतरत जाऊन मुसमुसण्यावर येत असेल, तर मूल झोपेकडे परतत आहे. आवाज चढत असेल, हाक किंवा शब्द ऐकू येत असतील, तर जावे. आपल्याकडे बहुतेक घरांत मूल आई-वडिलांच्या कुशीतच झोपते. तेथे ‘थांबणे’ म्हणजे मुलाला एकटे सोडणे नव्हे, तर लगेच उचलण्याचा हात आवरणे.

हेच रडणे दर तासा-दीड तासाने पूर्ण जाग येऊन होत असेल, तर मूल झोपी कसे जाते ते पाहावे. अंगावर पिताना किंवा मांडीवर झुलताना झोपलेले मूल मध्येच जागे झाले, की तेच शोधते. ते मिळेपर्यंत रडते. रात्री निजताना त्याला पेंगुळलेले, पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवण्याची सवय हळूहळू लावली, तर ही मागणी बहुतेक वेळा कमी होते.

काही वेळा मात्र थांबू नये. मूल सहा महिन्यांच्या आतील असेल, ताप, उलटी वा जुलाब असतील, ते कान ओढत असेल किंवा रडण्याचा सूर नेहमीपेक्षा निराळा, तीव्र आणि न थांबणारा असेल, तर लगेच पाहावे. श्वास घेताना घरघर होत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा खोकल्याचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एकाच रात्री अनेकदा अंगाला एकसारखे झटके येणे, तसेच रोज मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबणे, याही गोष्टी बालरोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रफीत घेऊन ठेवावी. वर्णनापेक्षा तिच्यावरून निदान सोपे होते.