मथळा वाचावा कसा? 'जाहीर', 'टीका' आणि 'वाढ' यांच्या छोट्या भावंडांचा इतिहास

जून २०२० मधली गोष्ट. करोनाचे दिवस, मस्कतमध्ये नोकऱ्यांवर टांगती तलवार. आमच्या इमारतीतले एक स्नेही संध्याकाळी फोनवर म्हणाले, "अहो, एनओसी गेली! उद्याच राजीनामा देतो." इंग्रजी मथळ्यात एकच क्रियापद होते, 'स्क्रॅप्स'. म्हणजे मोडीत काढली. त्यांच्या हातात दुसरी नोकरी तयार होती आणि जुन्या मालकाचे 'ना हरकत' पत्र मात्र मिळत नव्हते. ते पत्र नसेल तर दोन वर्षे ओमानबाहेर राहायचे, असा नियम २०१४ पासून होता.

राजीनामा थांबला तो वहिनींमुळे. त्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली. नियम बदलणार होता हे खरे, पण १ जानेवारी २०२१ पासून. शिवाय आधीच्या नोकरीचा करार संपल्याचा पुरावा लागणार होता. मधल्या सात महिन्यांत राजीनामा दिला असता तर जुनाच नियम लागू झाला असता.

मी सॉफ्टवेअरवाला. एका शब्दाने असा घोटाळा होतो कसा, हे शोधायची खोड लागली, आणि ती मला छापखान्याच्या खिळ्यांपर्यंत घेऊन गेली.

इंग्रजी मथळ्यातले छोटे शब्द जन्मले ते जागेच्या टंचाईतून. शिशाचा खिळा आवळता येत नाही. स्तंभाची रुंदी ठरलेली आणि मथळ्याचा टाइप मोठा, तेव्हा मावतील तितकीच अक्षरे. म्हणून उपसंपादक मथळा मोजत असत. ढोबळ नियम असा की साध्या अक्षराला एक गुण, एम आणि डब्ल्यू या रुंद अक्षरांना दीड, आणि आय, एल, टी, एफ, जे या किडमिड्या अक्षरांना अर्धा. या हिशेबाने 'अनाउन्सेस'ला नऊ गुण होतात, 'अनव्हेल्स'ला सहा. 'क्रिटिसाइझेस' आठ गुणांचा, 'स्लॅम्स' पाच आणि 'रॅप्स' चारच. 'इन्क्रीज' साडेसात, तर 'हाइक' साडेतीन. निम्म्याहून अधिक जागा वाचत असेल तर कोणता उपसंपादक मोह आवरेल?

१९३५ साली या भाषेचा कळस झाला. अमेरिकेतल्या 'व्हरायटी' या करमणूक-व्यवसायाच्या साप्ताहिकाने जुलैत मथळा दिला, 'स्टिक्स निक्स हिक पिक्स'. अर्थ असा की खेड्यातल्या प्रेक्षकांना खेडवळ चित्रपट नकोत. त्याच वर्षी हाइनरिश श्ट्राउमान या स्विस अभ्यासकाने इंग्रजी मथळ्यांच्या व्याकरणावर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. या भाषेचे नियम वेगळे आहेत, हे तेव्हाच ओळखले गेले होते.

त्यातला एक नियम आपल्याला नडतो. इंग्रजी मथळ्यात झालेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात आणि होणारी गोष्ट 'टु' लावून. 'स्क्रॅप्स' म्हणजे निर्णय झाला, 'टु स्क्रॅप' म्हणजे पुढे होणार. आमच्या स्नेह्यांच्या मथळ्यात निर्णय झाल्याचे होते, आणि ते खोटेही नव्हते. पण निर्णय होणे आणि तो अमलात येणे यांतले सात महिने त्या शब्दात मावले नाहीत. घोषणेच्या या शब्दांची खरे तर एक शिडी आहे. 'मल्स' म्हणजे नुसता विचार चालू. 'मूट्स' म्हणजे प्रस्ताव. 'नॉड' म्हणजे मंजुरी. 'अनव्हेल्स' म्हणजे घोषणा. शेवटची पायरी 'रोल्स आउट', म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. मराठीतही हालचाली, प्रस्ताव, हिरवा कंदील, जाहीर आणि लागू अशीच शिडी आहे. राजीनामा द्यायचा तो 'लागू' या पायरीवर, 'जाहीर'वर नव्हे.

आता मराठीकडे वळू. गंमत अशी की आपल्याला छोट्या शब्दांची गरजच नव्हती. 'टीका' दोन अक्षरांची, 'वाढ'ही दोनच, 'जाहीर' तीन अक्षरांचा. यांच्यापेक्षा आखूड शब्द आणायचे कुठून? उलट आपले मथळ्यातले जोरकस शब्द मूळ शब्दांपेक्षा लांब आहेत. 'टीका'ऐवजी 'ताशेरे', 'कानउघाडणी', 'हल्लाबोल'. 'वाढ'ऐवजी 'भडका' किंवा 'उसळी'. म्हणजे मराठीत ते जागेसाठी आले नाहीत, रंगासाठी आले. इंग्रजी उपसंपादकाला 'जागा नव्हती हो' अशी सबब तरी आहे. आपल्याकडे प्रत्येक शब्द कोणीतरी निवडलेला असतो.

ही निवड वाचायला शिकले की बरेच कळते. 'ताशेरे' ओढते ते न्यायालय किंवा लेखापरीक्षक. 'कानउघाडणी' वरिष्ठ आपल्याच माणसाची करतो. 'टोला' बरोबरीचा विरोधक लगावतो, आणि 'हल्लाबोल' मोर्चा करतो. कोण कोणाला बोलले, हे नात्यासकट त्या शब्दात येते. इंग्रजीत 'रॅप' म्हणजे मुळात बोटांवर बसलेली छडी, 'फ्ले' म्हणजे कातडी सोलणे. पण भारतातली आणि आखातातली इंग्रजी वृत्तपत्रे हे शब्द इतक्या सढळ हाताने वापरतात की सौम्य नापसंती आणि जळजळीत निषेध यांतला फरकच पुसला जातो. म्हणून मथळ्यात 'स्लॅम्स' दिसला की मी बातमीत त्या माणसाचे अवतरणचिन्हांतले शब्द शोधतो. पुष्कळदा तिथे 'फेरविचार व्हावा' इतकेच सापडते.

टीका करायला असे शब्द लागतातच असेही नाही. १८९७ साली 'केसरी'त टिळकांनी अग्रलेखाला शीर्षक दिले, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पाच साधे शब्द आणि क्रियापद 'आहे' एवढेच. ते आजही लोकांच्या तोंडी आहे.

शेवटी 'वाढ'. जानेवारी २०१६ मध्ये ओमानमध्ये इंधनाचे सरकारी अनुदान कमी झाले. सुपर पेट्रोल लिटरमागे १२० बैसांवरून १६० बैसांवर गेले, म्हणजे एक तृतीयांश वाढ. ही एकच बातमी तीन तऱ्हांनी लिहून पाहू. 'पेट्रोलची दरवाढ' यात दर कोणीतरी वाढवले, हे ध्वनित होते. 'पेट्रोल महागले' यात ते आपोआप घडले. 'पेट्रोलचा भडका' यात तर आग लागली, आणि आगीला जबाबदार कोण, हे कोणी विचारीत नाही. इंग्रजीतही 'हाइक' म्हटले की ओढणारा हात असतो. त्याचा एक अर्थच हिसका देऊन वर ओढणे. 'सोअर'मध्ये भाव पक्ष्यासारखा स्वतःच उडतो. वर हे सगळे शब्द आकड्याविषयी गप्प. पाच टक्क्यांचाही भडका आणि तेहतीस टक्क्यांचाही भडकाच! तेव्हा आधी जुना आणि नवा असे दोन्ही आकडे बघावेत, मग कर्ता शोधावा.

वाचकहो, आता मथळे पडद्यावर असतात, शिशाची टंचाई कधीच संपली. तरी 'हाइक' आणि 'स्लॅम' गेलेले नाहीत. सवय यंत्रापेक्षा चिवट असते. आमच्या स्नेह्यांनी पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये रीतसर नोकरी बदलली. परवा भेटले तेव्हा त्यांच्या हातातल्या फोनवर कुठलीशी नवी घोषणा झळकत होती. मी काही विचारायच्या आत वहिनी म्हणाल्या, "लागू कधीपासून, ते आधी बघा."