चीजचा काप : प्रथिने आणि स्निग्धांश

चीजच्या कापात प्रथिने किती, हे त्या कापाच्या वजनावर ठरते. कळव्यातल्या डेअरीत मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजच्या २०० ग्रॅमच्या पाकिटात सहसा १० काप असतात, म्हणजे एक काप २० ग्रॅमचा. वेष्टनावर १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिने आणि २५ ग्रॅम स्निग्धांश असे आकडे असतात. त्या हिशेबाने एका कापातून ४ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम स्निग्धांश मिळतो.

मोझरेला बहुधा लादीच्या किंवा किसाच्या रूपात विकला जातो. त्याचा तेवढ्याच वजनाचा काप घेतला, तर प्रथिने आणि स्निग्धांश दोन्ही जवळपास साडेचार ग्रॅम भरतात. साय काढलेल्या दुधाचा असेल तर स्निग्धांश थोडा कमी.

पनीरचा काप घरी सुरीने पडतो, म्हणून त्याचा आकडा सर्वांत फसवा. २०० ग्रॅमच्या लादीचे आठ काप केले तर प्रत्येक काप २५ ग्रॅमचा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात पनीरमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे १८.९ ग्रॅम प्रथिने आणि १४.८ ग्रॅम स्निग्धांश दिला आहे. म्हणजे या कापात ४.७ आणि ३.७ ग्रॅम. मात्र म्हशीच्या सायीसकट दुधाच्या मलई पनीरमध्ये स्निग्धांश १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर जातो आणि कमी स्निग्धांशाचा फायदा बराचसा विरतो. म्हणून वेष्टन वाचावेच.

डब्यातल्या सँडविचमध्ये प्रोसेस्ड चीजचे दोन काप घातले, तर ८ ग्रॅम प्रथिनांसोबत १० ग्रॅम स्निग्धांश येतो. त्याऐवजी तक्त्यातल्या पनीरचे वरच्यासारखे दोन काप घातले, तर प्रथिने साडेनऊ ग्रॅमच्या आसपास जातात आणि स्निग्धांश साडेसातवर राहतो. मीठही कमी येते, कारण प्रोसेस्ड चीज करताना मुरवलेले चीज सोडियमयुक्त क्षारांसह वितळवतात आणि पनीरला त्यांची गरज नसते.

पनीर करताना दूध आधी चांगले तापवतात. त्या उष्णतेने निवळीतली प्रथिने केसीनला चिकटतात आणि सायट्रिक आम्लाने दूध फाटले की दोन्ही एकत्र खाली बसतात. रेनेटने विरजलेल्या चीजमध्ये निवळीतली प्रथिने बहुतांशी तिच्याबरोबरच वाहून जातात. तरीही पनीरमध्ये पाणी जास्त असल्याने वजनाला वजन लावले की प्रथिनांचे आकडे तिन्हींत जवळजवळ सारखेच येतात. खरा फरक दिसतो तो स्निग्धांशात.

हा सारा हिशेब दुधाच्या पनीरचा. वनस्पती तेल आणि स्टार्च घालून केलेल्या नकली पनीरला तो लागू नाही. सुट्या पनीरचा तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर त्यात स्टार्च आहे. तेलाची भेसळ मात्र या चाचणीत दिसत नाही. ती प्रयोगशाळेतच कळते.