नियंत्रित शेतमाल बाजार
कायद्याने ठरवून दिलेल्या आवारात, परवानाधारक खरेदीदारांमध्ये उघड लिलावाने शेतमालाची विक्री होते आणि तोल, हमाली, अडत इत्यादींवर बाजार समितीची देखरेख असते, अशा बाजारास ‘नियंत्रित बाजार’ म्हणतात. भावाचा शोध हे त्याचे मुख्य कार्य होय.

भारतातील पहिला नियंत्रित बाजार 1886 मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे कापसासाठी सुरू झाला. त्यामागे शेतकऱ्याच्या हितापेक्षा इंग्लंडमधील गिरण्यांना शुद्ध व भरवशाचा कापूस मिळावा, ही निकड अधिक होती. 1897 च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारविषयक कायद्याने या व्यवस्थेस रीतसर रूप दिले. तथापि समितीवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. 1927 चा मुंबई कापूस बाजार कायदा, 1928 चा शाही कृषी आयोगाचा अहवाल, 1939 चा मुंबई प्रांताचा कायदा आणि 1963 चा महाराष्ट्राचा कायदा हे त्यानंतरचे टप्पे होत.

नियंत्रणापूर्वीची रीत पाहिल्यास कायद्याचे प्रयोजन कळते. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत आणि त्या खुणांनी सौदा ठरवीत. मालाचा धनी शेजारीच उभा असे. पण कोणी किती भाव देऊ केला, हे त्यास समजत नसे. पुढे वजनात सूट, धर्मादाय, नमुन्यादाखल घेतलेला माल अशा नावांनी रकमेत कपात होई. कायद्याने रुमाल दूर केला, बोली सर्वांसमक्ष आणली आणि भाव न पटल्यास माल परत नेण्याचा हक्क विक्रेत्यास दिला. हा हक्क कागदावर पूर्ण असला, तरी गाडीभाडे व कर्जाची निकड यांमुळे व्यवहारात तो दुबळा ठरतो.

उघड लिलावातही भाव आपोआप योग्य ठरत नाही. कल्पित उदाहरण म्हणून एका शेतकऱ्याची 20 क्विंटल सोयाबीनची रास घेऊ. तीन खरेदीदारांपैकी पहिल्यास ती क्विंटलला 4,600 रुपयांपर्यंत, दुसऱ्यास 4,550 पर्यंत आणि तिसऱ्यास 4,400 पर्यंत परवडते. बोली दहा-दहा रुपयांनी चढत गेल्यास दुसरा 4,550 वर थांबेल आणि रास 4,560 रुपयांस पहिल्याकडे जाईल. म्हणजे सर्वाधिक ऐपतीच्या खरेदीदाराइतकाच त्याच्या मागचा खरेदीदारही भाव ठरवितो. तो त्या दिवशी आला नाही, किंवा ‘ही रास तुझी, पुढची माझी’ असे दोघांनी आधीच ठरविले, तर बोली 4,410 वरच संपेल. शेतकऱ्याचे एकूण 3,000 रुपये जातील आणि लिलाव मात्र नियमाप्रमाणेच झालेला दिसेल.

इलेक्ट्रॉनिक व्यवहाराचा हेतू हा मागचा खरेदीदार दुरून आणणे, असा आहे. कर्नाटकाने 2014 मध्ये राज्यातील बाजार एका सामाईक मंचावर जोडण्यास आरंभ केला. 14 एप्रिल 2016 रोजी ‘ई-नाम’ ही राष्ट्रीय योजना सुरू झाली. फाटकावर नोंद, राशीस क्रमांक, प्रयोगशाळेत तपासणी, संगणकावर बोली, विक्रेत्याची संमती, वजन व रक्कम जमा, असा तिचा क्रम आहे.

वरील राशीसाठी दूरच्या एका तेलगिरणीने बोली लावली असे समजू. वाहतूक वगळता तिला 4,630 रुपये परवडतात. ती लिलावात उतरल्यास पहिला खरेदीदार 4,600 वर थांबेल आणि भाव 4,610 होईल. परंतु गिरणीने माल पाहिलेला नाही. ओलावा 12 टक्के आहे की 15, त्यात माती-काडी किती, याची खात्री नसल्यास ती जोखमीपोटी 100 रुपये कमी धरील. मग तिची मर्यादा 4,530 वर येते आणि भाव पुन्हा 4,560 राहतो. संगणक जोडूनही शेतकऱ्यास काहीच लाभ होत नाही. ओलावामापक यंत्र, योग्य नमुना आणि मालाबद्दल वाद झाल्यास निवाडा करणारी व्यवस्था ही म्हणूनच या मंचाची खरी अंगे होत; आवकीच्या दिवसांत शेकडो राशी एकाच सकाळी येतात आणि नेमकी तपासणीच मागे पडते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. पूर्वीप्रमाणे तोंडी सौदा करून तो आकडा नंतर संगणकात भरला जातो. अशा वेळी नोंदीत व्यवहार इलेक्ट्रॉनिक दिसतो. पण राशीवर एकच बोली असते, किंवा बोलीची वेळ वजनानंतरची असते. त्यामुळे मंचावरील उलाढालीच्या एकूण आकड्यापेक्षा प्रत्येक राशीस किती स्वतंत्र बोली आल्या, त्यांपैकी बाहेरगावच्या किती, हे पाहणे अधिक बोधप्रद असते. समितीने जाहीर केलेल्या किमान, कमाल व सर्वसाधारण भावांतून ही माहिती मिळत नाही.

लिलावानंतरही भाव बदलू शकतो. नाशिक जिल्ह्यातील कांदा-बाजारात ट्रॉलीवरील वरचा माल पाहून बोली होते. पुढे खळ्यावर कांदा ओतताना खालचा माल हलका निघाल्याचे सांगून दर पाडण्यावरून तंटे होतात. तक्रार कधी खरी असते, कधी नसते. निवाडा मात्र माल उतरविल्यानंतर, म्हणजे शेतकऱ्याचा नकाराचा हक्क जवळजवळ संपल्यावर, करावा लागतो. म्हणून विक्रीचा खरा भाव लिलावातील पुकाऱ्यात नव्हे, तर हिशेबपट्टीवर कपाती वजा जाऊन उरलेल्या रकमेस प्रत्यक्ष वजनाने भागून शोधावा लागतो.