रेल्वेची तक्रार: वहीपासून ट्विटपर्यंत

मंडळी, आमच्या वेळी स्टेशनमास्तरांकडे तक्रारवही असायची. ती मागितली की आधी चहा विचारला जायचा! बहुतेक जण चहा पिऊन परत फिरायचे. वहीत लिहिलंच, तर उत्तर येईपर्यंत प्रवास केव्हाच संपलेला असायचा.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री झाले आणि लोक धावत्या गाडीतून ट्विटरवर (२०२३ पासून त्याचं नाव एक्स) तक्रारी करू लागले. बाळाला दूध मिळाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. मला तेव्हा वाटायचं, बदनामीच्या भीतीने हलतात. थोडंफार ते खरंही असेल. पण कारण जास्त साधं आहे.

समजा, पुण्याहून रात्री नागपूरला निघालात, दौंड मागे पडलं आणि तुमच्या बर्थवरून कोणी उठेना. तक्रारीसोबत पीएनआर हा दहा आकडी क्रमांक मिळाला, की गाडी, डबा आणि बर्थ कळतो. मग ती तक्रार पुढच्या विभागाकडे जाते. मनमाड भुसावळ विभागात येतं, तिथला माणूस डब्यापाशी येऊ शकतो. म्हणजे अडचण आत्ताची हवी आणि पुढे थांबा हवा. परताव्याचे पैसे अडकले असतील, तर मनमाडच्या फलाटावरचा माणूस काय करणार? त्याला टीडीआरचा अर्ज आणि त्याची ठरलेली वाट. तिथे दहा ट्विट केली तरी अर्ज भरावाच लागतो.

आता उलटलेली गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका बाईंनी आरएसी तिकीट पक्कं होईल का, असं आयआरसीटीसीला ट्विटरवर विचारलं. सोबत तिकिटाचा तपशील आणि मोबाईल नंबरही जाहीर टाकला. थोड्या वेळाने फोन आला. मदत करतो म्हणाला, एक लिंक पाठवली, फॉर्म भरून फक्त २ रुपये भरायला सांगितले. खात्यातून सुमारे ६४ हजार गेले. बाईंना संशय कसा यावा? मदत मागितली होती आणि मदतीचाच फोन आला होता. चोराला नंबर, गाडी, अडचण सगळं आयतं मिळालेलं.

रेल्वेचं @RailwaySeva हे खातं पीएनआर आणि मोबाईल नंबर खासगी संदेशात मागतं, ते यासाठीच उपयोगी. जाहीर लिहायचं ते फक्त गाडी आणि अडचण. आणि समोरून कोणी पैसे, ओटीपी किंवा लिंक काढली, की फोन ठेवायचा. शिवाय १३९ वर फोन करता येतो, रेलमदद आहेच. तिथे तक्रारीचा क्रमांक मिळतो, पुढे चौकशी करता येते.

आमच्या नातवाने मागच्या दिवाळीत घरच्या ग्रुपवर अख्खं तिकीट टाकलं, "आजोबा, येतोय!" म्हणून. ग्रुपमध्ये ४७ माणसं, त्यातली नऊ मला ओळखू येत नाहीत. मी त्याला लगेच फोन केला. म्हणाला, "आजोबा, घरचेच तर आहेत!"