भूमिका-विस्फोट

भूमिका-विस्फोट म्हणजे संगणक प्रणालीत जवळजवळ सारख्याच परवानग्या असलेल्या भूमिकांची संख्या अतोनात वाढण्याची स्थिती होय. भूमिकाधारित प्रवेश-नियंत्रणाची संकल्पना डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये मांडली. या पद्धतीत परवानगी व्यक्तीला न देता भूमिकेला दिली जाते आणि व्यक्तीला ती भूमिका नेमून दिली जाते.

== कारण ==
कामाचे स्वरूप आणि कामाचे क्षेत्र या दोन्ही गोष्टी एकाच भूमिकेत गोवल्यास भूमिकांचा गुणाकार होतो. नवी मुंबई महानगरपालिकेचे बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा असे आठ विभाग आहेत. अशा शहरासाठी मालमत्ता कराची एक काल्पनिक प्रणाली विचारात घेऊ. लिपिक, निरीक्षक आणि अधीक्षक ही तीनच पदे असली, तरी प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र भूमिका केल्यास २४ भूमिका होतात. निवासी व अनिवासी मालमत्ता वेगळ्या केल्यास त्या ४८ होतात. मग लिपिकांना एक नवी परवानगी द्यायची झाल्यास १६ भूमिका बदलाव्या लागतात. त्यांतील एखादी राहून गेली, की सारख्या भूमिकांत फरक पडू लागतो.

== लक्षणे ==
भूमिकांची संख्या कर्मचारीसंख्येच्या जवळ जाणे, अनेक भूमिकांत एकच व्यक्ती असणे आणि दोन भूमिकांत एखाद्याच परवानगीचा फरक असणे ही प्रमुख लक्षणे होत. वाशीहून ऐरोलीला बदली झालेल्या लिपिकाकडे जुनी भूमिका तशीच राहिल्यास त्याला दोन्ही विभागांच्या नोंदी बदलता येतात.

== एकत्रीकरण ==
प्रथम भूमिका आणि परवानग्या यांचा तक्ता करून सारख्या भूमिकांचे गट पाडतात. त्यानंतर विभाग आणि मालमत्तेचा प्रकार हे भूमिकेतून काढून कर्मचाऱ्याच्या नोंदीत गुणधर्म म्हणून ठेवतात. वरील उदाहरणात तीनच भूमिका उरतात आणि ‘कर्मचाऱ्याचा विभाग व मालमत्ता-प्रकार मालमत्तेच्या नोंदीशी जुळला पाहिजे’ हा एकच नियम सर्वांना लागू होतो. बदलीच्या वेळी केवळ विभागाची नोंद बदलावी लागते.

गटातील भूमिकांच्या परवानग्यांची सरसकट बेरीज करणे मात्र धोक्याचे असते. समजा, एका विभागातील लिपिकाला तात्पुरती म्हणून दंडमाफी मंजूर करण्याची परवानगी दिली होती. बेरीज केल्यास ती आठही विभागांतील लिपिकांना मिळेल आणि माफीचा अर्ज नोंदवणारा व तो मंजूर करणारा एकच होईल. म्हणून अशा परवानगीची गरज तपासून ती काढून टाकतात किंवा वेगळ्या लहान भूमिकेत ठेवतात. शेवटी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या आधीच्या व नंतरच्या परवानग्या ताडून पाहतात आणि त्यानंतरच जुन्या भूमिका बंद करतात.

== मर्यादा ==
एकत्रीकरणामुळे विभागाची नोंद हीच प्रवेशाची किल्ली बनते. ती चुकीची असल्यास प्रवेशही चुकतो. त्यामुळे ती बदलण्याचा अधिकार स्वतः कर्मचाऱ्याकडे नसावा लागतो.