ऑनलाइन मशीन घेतली, बिलही आलं. पण जीएसटीचं क्रेडिट मिळणार का? बिलावरचा विक्रेत्याचा नंबर आधी तपासा

तालुक्याच्या ठिकाणी ग्रील, गेट, पत्र्याचे शेड करणारे वर्कशॉपवाले आता वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, वजनकाटा अशा वस्तू मोबाईलवरूनच मागवतात. माल घरपोच येतो, सोबत बिलही येतं. पण महिन्याचा हिशेब घेऊन गेल्यावर टॅक्सवाला सांगतो, "याचं क्रेडिट बसत नाही." माल खरा, पैसे खरे, मग अडतं कुठं? बहुतेक वेळा ते विक्रेत्याच्या नाहीतर स्वतःच्या जीएसटी नंबरापाशी अडतं.

क्रेडिट म्हणजे नेमके किती पैसे?

समजा, एका वर्कशॉपवाल्याचा धंदा जीएसटीत रेग्युलर म्हणून नोंदलेला आहे. त्याने २३,६०० रुपयांची वेल्डिंग मशीन ऑनलाइन घेतली. त्यात मशीनची किंमत २०,००० आणि १८ टक्क्याने जीएसटी ३,६०० रुपये. त्याच महिन्यात त्याने १ लाखाचं ग्रीलचं काम केलं आणि गिऱ्हाईकाकडून १८,००० रुपये जीएसटी घेतला. लोखंडाच्या खरेदीचं क्रेडिट बाजूला ठेवू. मशीनचं क्रेडिट मिळालं तर सरकारात १४,४०० भरायचे. नाही मिळालं तर पूर्ण १८,०००. म्हणजे एका बिलामागे ३,६०० रुपयांचा फरक.

ही सवलत रेग्युलर नोंदणीवाल्यांनाच आहे. ज्याची स्वतःची नोंदणी कंपोझिशनमध्ये आहे किंवा नोंदणीच नाही, त्याला क्रेडिट नाही. घरच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तूवरही नाही.

विकतो कोण? अॅप नव्हे, विक्रेता

इथेच बरेच जण चुकतात. ज्या अॅपवरून ऑर्डर दिली ती कंपनी बहुतेक वेळा फक्त बाजार भरवते. त्या बाजारात माल विकणारा व्यापारी वेगळा असतो. तो सुरतचा असेल, दिल्लीचा असेल नाहीतर पुण्याचा. टॅक्स त्या व्यापाऱ्याने भरायचा असतो, म्हणून बिलावर त्याचं नाव, पत्ता आणि त्याचा जीएसटी नंबर लागतो. वस्तूच्या पानावर विक्रेत्याचं नाव दिलेलं असतं, ते ऑर्डर देण्याआधीच बघून ठेवावं. एकच मशीन चार विक्रेते विकत असतील तर चौघांची बिलं चार तऱ्हेची येऊ शकतात.

समजा, तीच मशीन महाराष्ट्रातला दुसरा विक्रेता २२,००० ला देतो. वरवर १,६०० रुपये वाचले. पण तो विक्रेता कंपोझिशनमधला असेल तर त्याला गिऱ्हाईकाकडून टॅक्स घेताच येत नाही. त्याच्या बिलावर Tax Invoice नसतं, Bill of Supply असं लिहिलेलं असतं. अशा बिलावर क्रेडिट शून्य, म्हणजे मशीन २२,००० लाच पडली. पहिल्या विक्रेत्याची मशीन क्रेडिट धरून २०,००० ला पडते. जी स्वस्त दिसली तीच २,००० रुपयांनी महाग निघाली.

नंबर तपासायचा कसा

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 24, दिल्लीचा 07. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. आकडे-अक्षरं कमी-जास्त असतील तर तिथेच शंका घ्यावी.

नंबर खरा की खोटा, हे मोबाईलवर दोन मिनिटांत कळतं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. gst.gov.in उघडून Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN निवडावं आणि बिलावरचा नंबर टाकावा. तिथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, नाव. बिलावरचं नाव Legal Name किंवा Trade Name शी जुळलं पाहिजे. दुसरी, Status. तिथे Active हवं. Cancelled किंवा Suspended दिसलं तर त्या विक्रेत्याकडून टॅक्सचं बिल घेण्यात अर्थ नाही. तिसरी, Taxpayer Type. तिथे Regular असेल तर ठीक, Composition असेल तर क्रेडिट विसरा.

त्याच पानावर रिटर्न भरल्याच्या तारखांचा तक्ताही उघडता येतो. विक्रेत्याने चार-सहा महिने रिटर्नच भरलेलं नसेल तर मोठी खरेदी त्याच्याकडून न केलेली बरी.

स्वतःचा नंबर ऑर्डरच्या आधी

विक्रेता चांगला असला तरी बिल आपल्या नंबरावर फाटलं पाहिजे. ऑर्डर देताना जीएसटी बिलाचा पर्याय येतो. तिथे स्वतःचा नंबर आणि नोंदणीतलं धंद्याचं नाव अचूक टाकावं. नंबर टाकायचा राहिला तर ते बिल साध्या गिऱ्हाईकाचं धरलं जातं आणि विक्रेता ते आपल्या नंबरावर दाखवत नाही. मागाहून फोन करून बिल बदलून मिळेलच याची खात्री नाही. परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर माल परत करून नव्याने ऑर्डर देणं सोपं पडतं. बिलावर पेनाने नंबर लिहून काहीही होत नाही.

खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. अॅपच्या ऑर्डरच्या पानावरून Tax Invoice ची पीडीएफ उतरवून ठेवावी. त्यावर दोघांचे नंबर, बिल क्रमांक, तारीख, मालाचा एचएसएन कोड आणि टॅक्सची रक्कम वेगळी दाखवलेली हवी. विक्रेता परराज्यातून पाठवत असेल तर टॅक्स आयजीएसटी म्हणून येतो. राज्यातल्या राज्यात असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा अर्धा-अर्धा. क्रेडिट दोन्हीचं मिळतं.

बिल हातात असूनही क्रेडिट का दिसत नाही?

कायद्याने नुसतं बिल पुरत नाही. माल मिळालेला हवा आणि विक्रेत्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेलं हवं. त्याने दाखवलं की ते घेणाऱ्याच्या लॉगिनमध्ये GSTR-2B या तक्त्यात उतरतं. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याचा हा तक्ता पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. त्यात बिल असेल तरच क्रेडिट घ्यायचं.

पहिल्या महिन्यात बिल दिसलं नाही म्हणून लगेच फसवणूक समजू नये. छोटे विक्रेते तीन महिन्यांनी रिटर्न भरतात, त्यांचं बिल तिमाही संपल्यावर येऊ शकतं. तोवर अॅपमधून विक्रेत्याला बिल क्रमांकासह लेखी विचारून ठेवावं. २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या बिलाचं क्रेडिट घ्यायला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. पण वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते.

आणि विक्रेत्याने बिल दाखवलं, पण टॅक्स सरकारात भरलाच नाही, तर घेतलेलं क्रेडिटही परत करावं लागतं. त्याने नंतर भरला तर ते पुन्हा घेता येतं. म्हणून पैसे देण्याआधीची ती दोन मिनिटं महत्त्वाची. माल कुणाकडून घेतोय आणि तो रिटर्न भरतो का, हे तेव्हाच बघून घ्यावं.