मळमळीची गोळी रात्री घेतली, तरी दिवसा झोप का येते?

‘डोहाळे कडक आहेत’ असं घरात म्हटलं जातं, तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की पोटात काही ठरत नाही. फोडणीचा वास आला तरी उलटी होते. अशा वेळी डॉक्टर अनेकदा डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन यांची एकत्रित गोळी लिहून देतात. ती रात्री झोपताना घ्यायची असते. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये डोळे मिटायला लागतात, गाडी चालवताना डुलकी येईल की काय अशी भीती वाटते आणि अनेक जणी परस्पर गोळी बंद करतात. मग उलट्या परत सुरू होतात.

हे टाळता येतं. त्यासाठी ही गोळी शरीरात कशी आणि कधी काम करते, हे समजून घ्यायला हवं.

गोळीत नेमकं काय असतं?

पायरिडॉक्सिन म्हणजे ब-६ जीवनसत्त्व. झोपेचा संबंध त्याच्याशी नाही, तो डॉक्सिलामिनशी आहे. डॉक्सिलामिन हे जुन्या पिढीतलं ॲलर्जीविरोधी औषध आहे. ते मेंदूपर्यंत पोहोचतं, म्हणून मळमळ कमी करतं आणि त्याच कारणाने गुंगीही आणतं. अमेरिकेत हेच डॉक्सिलामिन २५ मिलिग्रॅमच्या मात्रेत झोपेची गोळी म्हणून विकलं जातं. मळमळीसाठी रात्री सुरुवातीला साधारण २० मिलिग्रॅम दिलं जातं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गुंगी का येते ते कळतं.

झोप सकाळपर्यंत का टिकते?

ही गोळी बहुतेकदा विशेष आवरण असलेली असते. ती पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते, त्यामुळे परिणाम उशिरा सुरू होतो. अशा दोन गोळ्या एकदम घेतल्यावर रक्तातलं डॉक्सिलामिन सुमारे ७ तासांनी सर्वाधिक पातळीवर पोहोचतं. तिथून ते निम्म्यावर यायला साधारण साडेबारा तास लागतात.

म्हणजे रात्री १० वाजता गोळी घेतली, तर पहाटे ५ च्या सुमारास तिचा जोर सर्वाधिक असतो. उठल्या उठल्या होणाऱ्या मळमळीसाठी हे सोयीचं आहे. मात्र १२ वाजता गोळी घेतली तर हाच जोर सकाळी ७ वाजता येतो, म्हणजे नेमका घराबाहेर पडण्याच्या वेळी.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण येते. ही गोळी रिकाम्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची असते, कारण अन्नामुळे तिचा परिणाम आणखी लांबतो. साडेनऊला जेवण आणि लगेच गोळी, असं झालं तर गुंगी सकाळी आणखी पुढे सरकू शकते. रात्रीचं जेवण साडेसात-आठला हलकं उरकून दहाच्या सुमारास गोळी घेणं जास्त सोयीचं ठरतं.

एक उदाहरण पाहू

समजा, पुण्यातली आठ आठवड्यांची गर्भवती असलेली एक तरुणी रोज साडेआठला स्कूटरवरून कामाला जाते. डॉक्टरांनी तिला १०+१० मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. प्रचलित पद्धतीत पहिल्या रात्री दोन गोळ्या असतात. दुसऱ्या दिवशी दुपारीही त्रास राहिला, तर त्या रात्री पुन्हा दोन आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी वाढते. चौथ्या दिवशीही आराम नसेल, तर सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री दोन. चारच्या वर जायचं नसतं.

तिने सोमवारी रात्री सुरुवात केली, तर सकाळची पहिली गोळी बुधवारी येईल, म्हणजे कामाच्या दिवशी. सकाळी ७ ची गोळी दुपारी २ च्या सुमारास जोरात येते. वर रात्रीच्या गोळ्यांचा अंश शरीरात शिल्लक असतोच. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तिसऱ्या दिवशी गुंगी जास्त जाणवू शकते.

डॉक्टरांच्या संमतीने तिने हीच सुरुवात शुक्रवारी रात्री केली, तर शनिवारी पहिल्या दोन गोळ्यांचा परिणाम घरीच कळतो. गरज पडली तर सकाळची पहिली गोळी रविवारी येते. सोमवारी कामाला जावं लागण्याआधी तिच्याकडे दोन दिवसांचा अनुभव असतो. पहिला आठवडा तिने स्कूटर बाजूला ठेवून रिक्षा, बस किंवा घरच्या कुणाची सोबत घेतलेली बरी. गुंगी आहे तोवर गाडी चालवायची नाही, मशीनवर काम करायचं नाही. गॅसवर काही ठेवून आडवं होणंही टाळायचं.

गुंगी गोळीची की गरोदरपणाची?

पहिल्या तीन महिन्यांत गोळी न घेताही झोप येते. अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ही गोळी घेणाऱ्या सुमारे १४ टक्के स्त्रियांनी झोपाळूपणा सांगितला. औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्येही हे प्रमाण सुमारे १२ टक्के होतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी दोन दिवस दुपारी किती झोप येते, ते लिहून ठेवा. नंतर तुलना करता येते आणि डॉक्टरांनाही नेमकं सांगता येतं.

चुका कुठे होतात?

पहिली चूक मात्रेची. बाजारात १०+१० आणि २०+२० अशा दोन्ही ताकदीच्या गोळ्या मिळतात. इंटरनेटवर वाचलेलं ‘रात्री दोन’ २०+२० च्या पाकिटाला लावलं, तर औषध दुप्पट होतं. पाकिटावरचा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहा.

दुसरी चूक सर्दीच्या गोळीची. मेडिकलमधून सहज आणलेल्या सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांत गुंगी आणणारं दुसरं ॲलर्जीविरोधी औषध असतं. दोन्ही एकत्र आली की झोप आवरत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांचंही तसंच. दमा, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल, नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा.

तिसरी चूक गोळी चावून, कुटून किंवा अर्धी करून घेण्याची. आवरण तुटलं की उशिरा विरघळण्याची सगळी योजना फसते.

चौथी चूक ‘मळमळलं तरच घेईन’ ही. परिणामाला काही तास लागत असल्याने ही गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते. बंद करतानाही डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात, नाहीतर त्रास अचानक उलटतो.

बाळाला धोका आहे का?

ही भीती जुनी आहे. अमेरिकेत डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन असलेलं औषध १९५६ पासून ‘बेंडेक्टिन’ नावाने मिळत होतं. जन्मजात व्यंगांच्या आरोपांवरून खटले झाले आणि १९८३ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. पुढे अनेक अभ्यासांत तो संबंध सिद्ध झाला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने याच मिश्रणाला पुन्हा मंजुरी दिली.

डॉक्टरांना कधी फोन करायचा?

मळमळ थांबली पण दिवसभर उठवत नाही, असं झालं तर गोळी स्वतःहून सोडू नका. सकाळची किंवा दुपारची गोळी कमी करता येईल का, वेळ बदलता येईल का, हे विचारा. मात्र पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद किंवा फारच कमी होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा गोळी पुरेशी नसते, सलाईनची गरज पडू शकते. गोळी घेऊनही कुणाला जागं करणं कठीण जात असेल, ती गोंधळल्यासारखी बोलत असेल, तर ती साधी गुंगी नाही. पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्या.